दहा मिनिटांत एक पुस्तक

ऑफिसात दहा मिनिटांत एखादं पुस्तक सांगायचं ठरलं, की बरेच जण अनुक्रमणिका उघडून पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतात. वेळ संपते तेव्हा ते चौथ्या प्रकरणात असतात. खरं तर एवढ्या वेळात पुस्तकातला एकच मुद्दा नीट पटवून देता येतो.

अतुल गावंडे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (२००९) घ्या. लेखक अमेरिकेतले सर्जन, वडील विदर्भातले. लेखकाबद्दल इतकंच पुरे. मग लगेच मुद्दा सांगावा: मुरलेली माणसंही ठाऊक असलेलीच पायरी विसरतात आणि छोटीशी यादी ती चूक पकडते.

यानंतर प्रसंग एकच, पण तो सावकाश सांगावा. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डेटन इथे बोइंगचं नवं बॉम्बर विमान लष्करासमोर उडालं. वैमानिक कसलेले होते. विमान उभं असताना शेपटीवरचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लॉक लावतात. तो काढायचा राहिला. विमान वर चढलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. मग वैमानिकांनी उड्डाणापूर्वीची यादी बनवली आणि त्याच विमानाची पुढची आवृत्ती, बी-१७, महायुद्धात गाजली. हा प्रसंग तीन मिनिटं घेतो, घेऊ द्यावीत.

आकडाही एकच द्यावा. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीतलंही एक, ऑपरेशनच्या वेळी यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पण इथे थांबलात तर पुस्तकाची जाहिरात होते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सगळीकडे यादी लागू केल्यावर मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत, असा अभ्यास २०१४ मध्ये आला. तोही सांगावा. ऐकणाऱ्यांच्या मनातली शंका आपणच मांडली की पुढचं ते लक्ष देऊन ऐकतात.

उरलेली तीन मिनिटं आपल्या कामाची. समजा, सहकारी डिस्पॅच विभागातले आहेत. ऐन वेळी ट्रक बदलतो, ई-वे बिलावर जुन्याच गाडीचा नंबर राहतो आणि माल रस्त्यात अडकतो. नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी असं होतं. मग विचारावं, ‘गाडी गेटबाहेर पडण्याआधी कोणी, कुठे थांबून, काय मोठ्याने वाचायचं?’ यादी सहा-सात ओळींचीच ठेवायची, हेही बजावावं; लांबली की लोक न वाचता टिका करतात.

आदल्या दिवशी घड्याळ लावून सगळं मोठ्याने बोलून पाहावं आणि आठ मिनिटांत बसवावं, कारण उरलेली दोन मिनिटं मध्येच येणाऱ्या प्रश्नांत जातात. शेवटी कोणी ‘पुस्तक किती पानांचं आहे?’ एवढंच विचारलं, तर मुद्दा पोहोचला नाही. ‘गाडीच्या नंबरआधी बॅचचं स्टिकर तपासायला हवं’ यावर दोघं हुज्जत घालू लागले, तर पोहोचला.