कापलेला निबंध आणि संपादकाला लिहायचे पत्र

मराठी वाचकाला ‘निबंध’ आणि ‘टिपण’ यांतला फरक सांगावा लागत नाही. निबंधात प्रश्न मांडलेला असतो, पुरावा असतो, कारणमीमांसा असते आणि शेवटी निष्कर्ष असतो. टिपणात एकच गोष्ट असते: हे सापडले, असे सापडले. विज्ञानाच्या नियतकालिकांतही हेच दोन प्रकार आहेत. एकाला पूर्ण शोधनिबंध म्हणतात, दुसऱ्याला शॉर्ट कम्युनिकेशन, म्हणजे लघुनिवेदन. लेख पाठवतानाच लेखकाला यांपैकी एक प्रकार निवडावा लागतो, आणि त्यावरून शब्दमर्यादा, आकृत्यांची संख्या आणि परीक्षकांची अपेक्षा ठरते. पण परीक्षणानंतर लेख कापून एक तृतीयांश उरला, तर प्रकारही बदलावा लागतो. तो बदल मागणारे पत्र संपादकाला लिहिणे हे वरवर कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात लेखक काय सिद्ध करू शकला आणि काय नाही, याची कबुली त्या एका पानात द्यावी लागते.

उदाहरण महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांचे घेऊ. लेख आणि त्यातले आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत. भूगोल आणि आपत्ती मात्र खऱ्या आहेत. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावाची वाडी दरडीखाली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे गेली. या भागात महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाने दोन सहकाऱ्यांसह दरडींच्या खुणांचा अभ्यास केला आणि साडेसात हजार शब्दांचा निबंध पाठवला, असे समजू. त्यात तीन दावे होते. पहिला, दरडी उताराच्या कोणत्या भागात सुटल्या. दुसरा, चोवीस तासांत किती पाऊस पडला की दरड सुटते, म्हणजे पावसाचा उंबरठा. तिसरा, रस्त्यासाठी केलेली डोंगरकापणी आणि शेतीतील बदल यांचा त्यात किती वाटा.

परीक्षकांनी दुसरा आणि तिसरा दावा मान्य केला नाही, आणि त्यांची कारणे रास्त होती. पावसाचे आकडे महाड शहरातल्या पर्जन्यमापकाचे होते. महाड सावित्रीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीच्या उंचीवर आहे, आणि दरडी सुटल्या त्या सह्याद्रीच्या उतारावर. घाट चढताना पाऊस किती वाढतो हे इथल्या माणसाला ठाऊक असते. तळियेची दरड कोसळली त्या सुमारास घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. खालच्या मापकाचा आकडा वरच्या उताराला लावून काढलेला उंबरठा आकडा म्हणून छापता येतो, पण त्यावर कुणी विसंबू नये. तिसऱ्या दाव्यासाठी उपग्रहाच्या दोनच तारखांची चित्रे होती; मधल्या वर्षांत आधी रस्ता कापला गेला की आधी उतार हलला, हे त्यांतून कळत नव्हते. पहिला दावा मात्र दोन्ही परीक्षकांना नवा आणि भक्कम वाटला.

इथे लेखकापुढे दोन वाटा असतात. वरच्या उतारावर मापक बसवून दोन-तीन पावसाळे थांबायचे आणि पूर्ण निबंध पुन्हा उभा करायचा, ही एक. दुसरी, जे सिद्ध झाले तेवढेच आता छापायचे. दुसरी वाट कमी प्रतीची नाही. रामन आणि कृष्णन यांनी १९२८ साली ‘नेचर’मध्ये आपला शोध जाहीर केला तो एका छोट्या पत्रातून, सविस्तर मांडणी रामन यांनी १६ मार्च १९२८ च्या बंगळुरूच्या व्याख्यानात केली आणि ती वेगळी छापली गेली. लहान लेखनात जे दिसले ते सांगितले होते. त्याला आकार शोभला, कारण दावाही तेवढाच होता.

आमच्या लेखकाने दुसरी वाट घेतली. साडेसात हजारांचे अडीच हजार शब्द झाले. सहा आकृत्यांच्या दोन, चार तक्त्यांचा एक. आता पत्र. ते केव्हा पाठवायचे हा पहिला प्रश्न. बहुतेक नियतकालिकांच्या संगणकीय प्रणालीत लेखाचा प्रकार पहिल्याच पायरीवर निवडलेला असतो आणि सुधारित मसुदा चढवताना तो रकाना अनेकदा लेखकाला बदलता येत नाही. म्हणून मसुदा चढवण्याआधी पत्र पाठवावे. उलट केले, तर लघुनिवेदनाच्या आकाराचा मसुदा पूर्ण निबंध म्हणून परीक्षकांकडे जातो, आणि ‘पुरावा अपुरा’ हा शेरा दुसऱ्यांदा येतो. शिवाय संपादकाला एक स्पष्ट प्रश्न विचारावा: याच क्रमांकाखाली प्रकार बदलता येईल, की नव्याने पाठवावे लागेल? नव्याने पाठवले तर ‘प्राप्त’ म्हणून छापली जाणारी तारीख बदलते, आणि परीक्षकही कदाचित बदलतात.

पत्राचा मजकूर असा असू शकेल:

‘माननीय संपादक, आमच्या लेखाच्या परीक्षणाबद्दल आभार. परीक्षकांचे आक्षेप विचारात घेऊन आम्ही पावसाचा उंबरठा आणि भूवापरातील बदल हे दोन्ही भाग पूर्णपणे वगळले आहेत, कारण आमच्याजवळची माहिती त्या निष्कर्षांना पुरत नाही. उरलेला लेख एकच निरीक्षण मांडतो: प्रत्यक्ष पाहिलेल्या चौदा दरडींची माथ्याची खूण उतारावर कुठे होती. शब्दसंख्या २५००, आकृत्या दोन, तक्ता एक. म्हणून लेखाचा प्रकार पूर्ण शोधनिबंधाऐवजी लघुनिवेदन असा बदलावा, ही विनंती. शीर्षक त्यानुसार बदलले आहे. पूर्वीच्या मसुद्यातील बावीसपैकी आठ दरडी या लेखात नाहीत. कारण सोबत दिले आहे. वगळलेला भाग अन्यत्र पाठवलेला नाही. सर्व सहलेखकांची या बदलाला संमती आहे. हा बदल याच क्रमांकाखाली होईल की नव्याने पाठवावे, हे कृपया कळवावे.’

या पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाक्य आठ दरडींचे आहे. मूळ निबंधात बावीस दरडी होत्या; त्यांपैकी चौदा पायी जाऊन मोजलेल्या, आठ फक्त उपग्रहचित्रात दिसलेल्या. लेख लहान करताना मोजलेल्याच ठेवणे स्वाभाविक आहे. पण पायी पोहोचता येण्याजोग्या दरडी म्हणजे वाटेजवळच्या, वाडीजवळच्या दरडी. लेखाचा निष्कर्ष ‘दरडी बहुधा वाडीच्या वरच्या अंगाला सुटतात’ असा असेल, तर तो निसर्गाने दिला की अभ्यासकाच्या पायवाटेने, हे वाचकाला ठरवता आले पाहिजे. निबंध लांब असताना ही अडचण आठ लांबच्या दरडींमुळे थोडी झाकलेली होती. कापल्यावर ती उघडी पडते. आठ दरडी अवघड जागी होत्या म्हणून गेल्या, हे सांगितले की ती मर्यादा ठरते. न सांगता गाळल्या, आणि त्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणाऱ्या निघाल्या, तर ती लपवणूक ठरते. दोन्हींत शब्द तेवढेच कापले जातात. फरक त्या एका वाक्याचा.

दुसरी चूक अधिक नेहमीची आणि निरपराध असते. भाग कापला जातो, पण त्याचा निष्कर्ष मागे राहतो. पावसाचा अख्खा विभाग काढल्यावरही गोषवाऱ्याच्या शेवटच्या ओळीत ‘म्हणून अमुक मिलिमीटरनंतर वाडी हलवावी’ असे वाक्य राहून जाते, कारण लेखकाला ते सर्वांत प्रिय असते. अनुभवी संपादक असा लेख शेवटाकडून वाचतो: आधी निष्कर्ष, मग गोषवारा, मग शीर्षक, आणि प्रत्येक विधानाला उरलेल्या तक्त्यात आधार आहे का ते पाहतो. लेखकानेही पत्र लिहिण्यापूर्वी तेच करावे. पद्धतीच्या परिच्छेदात पर्जन्यमापकाचे वर्णन राहिले आहे का, ‘आकृती ५ पाहा’ असे न उरलेल्या आकृतीचे बोट राहिले आहे का, शीर्षकात ‘कारणे’ हा शब्द राहिला आहे का, हे तपासले की बहुतेक अवशेष सापडतात.

परीक्षकांच्या आक्षेपांना द्यायचे मुद्देनिहाय उत्तरही या पत्राने सुटत नाही. ‘हा भाग वगळला’ एवढेच लिहिले तर परीक्षकाला आपला प्रश्न टाळला असे वाटते. ‘आपला आक्षेप मान्य; खालच्या मापकावरून वरच्या उताराचा पाऊस ठरवता येत नाही; म्हणून हा दावा मागे घेतला’ असे लिहिले की तो प्रश्न मिटतो. आक्षेप उरलेल्या भागाला लागू असेल, तर मात्र लेख लहान करणे हे उत्तर होत नाही. चौदा दरडींची मोजणीच कुणी शंकास्पद ठरवली असती, तर अडीच हजार शब्दांतही ती शंका तशीच राहिली असती, आणि प्रकार बदलण्याची विनंती संपादकाने नाकारणेच योग्य ठरले असते.

वगळलेल्या भागाचे काय करायचे? आठ दरडींची स्थाने आणि पावसाचे कच्चे आकडे पुरवणी म्हणून नियतकालिकासोबत ठेवता येतात, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ते पुन्हा गोळा करावे लागत नाहीत. पण एकाच अभ्यासाचे तीन तुकडे करून तीन नियतकालिकांना पाठवायचे असतील, तर ‘वगळलेला भाग अन्यत्र पाठवलेला नाही’ हे वाक्य लिहिता येत नाही, आणि त्याऐवजी काय चालले आहे ते सांगावे लागते. प्रकाशनांची संख्या मोजली जाते तिथे असा मोह मोठा असतो. म्हणूनच संपादक हे वाक्य शोधतो.

लेखाचा प्रकार ही नियतकालिकाची अंतर्गत सोय वाटते, पण छापल्यावर ती वाचकासाठी खूण होते. पोलादपूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीत कुणी हा लेख वाचला आणि वर ‘लघुनिवेदन’ असे दिसले, तर त्याने त्यातून एवढेच घ्यावे: या चौदा ठिकाणी दरड इथून सुटली, आपल्या वाडीच्या वर तसा उतार आहे का ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. किती पावसाला गाव सोडायचे, याचे उत्तर त्यात नाही. तोच मजकूर पूर्ण निबंधाच्या शीर्षकाखाली, ‘कारणे’ या शब्दासह छापला गेला असता, तर नसलेले उत्तर असल्यासारखे वाटले असते, आणि पुढच्या जुलैत कुणी त्या आकड्याची वाट पाहत घरात थांबला असता.