एक जुने देणे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी चालविणारे एक गृहस्थ. वय पंचावन्नच्या पुढे. 1986 च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा येत्या रविवारी शाळेतच आहे आणि ‘येणार की नाही’ हा प्रश्न गटावर आठ दिवस अनुत्तरित पडून आहे. त्यांच्याजवळ उत्तर नाही असे नाही. ते द्यावयाचे धैर्य नाही. रात्री घर निजल्यावर आरशासमोर उभे राहून ते स्वतःशीच बोलतात.

“त्या वेळी वजन अठ्ठावन्न किलो होते, आज एक्याण्णव. मनगटाला पोत्याचे वजन कळते, पण स्वतःचे कळले नाही. कबड्डीच्या संघाचा कर्णधार होतो मी. खिशात कंगवा असे. तास बदलला की केसांवरून फिरे. आता कानांमागे जे उरले आहे, त्याला कंगवा कशाला? गटावर कुणीतरी जुना फोटो टाकला आहे. त्यातला मी मलाच ओळखू येत नाही. मग इतरांना कसा येईन?”

केस गेले त्यात त्यांचा दोष नाही. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून आणि टाळूवरून केस विरळ होत जाणे हा पुरुषांमध्ये बहुधा आनुवंशिक प्रकार असतो. त्यांच्या वडिलांचेही तसेच झाले होते. वजनाचा हिशेब मात्र निराळा आहे, आणि व्यापारी माणसाला हिशेब टाळता येत नाही.

“सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, हे खरे. पण दिवसभर गादीवर बसून काय चालते? प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर चहा. दिवसाचे पाच कप, कपाला दोन चमचे. म्हणजे पन्नास ग्रॅम साखर. महिन्याला दीड किलो! शेजारी फरसाणाची बरणी. आणि सूर्य मावळायच्या आत म्हणून घाईघाईने भरलेले ताट. रात्रिभोजन सोडले, ऊनोदरी मात्र पुस्तकातच राहिली.”

भुकेपेक्षा थोडे कमी खाणे म्हणजे ऊनोदरी किंवा अवमौदर्य. बाह्य तपांत उपवासाच्या पाठोपाठ तिचे स्थान आहे. एका दिवसाच्या उपवासापेक्षा रोजचा एक घास मागे ठेवणे त्यांना अवघड वाटत आले.

न जाण्याची सबब त्यांनी शोधून ठेवली होती. “निपाणीला वसुलीसाठी जायचे आहे, असे लिहावे. पण निपाणीत माझे येणेच नाही. टक्कल झाकण्यासाठी खोटे बोलायचे?” मग टोपी आणली. ती घातली आणि काढली. आतल्या माणसाला टोपीने समाधान होईना.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आठ मद सांगितले आहेत, त्यांत शेवटचा वपूचा, म्हणजे शरीराचा. सनत्कुमार चक्रवर्तींची कथा याच मदाची आहे. त्यांच्या रूपाची कीर्ती ऐकून देव ब्राह्मणवेषाने आले. साज चढविण्यापूर्वीचे ते रूप पाहूनच ते थक्क झाले. चक्रवर्ती अभिमानाने म्हणाले, अलंकार घालून दरबारात बसेन तेव्हा पाहा. देवांनी दरबारात पाहिले आणि त्यांचे चेहरे उतरले. तेवढ्या अवधीत त्या देहात क्षय सुरू झाला होता. ते कळताच चक्रवर्तींनी राज्य सोडून दीक्षा घेतली.

गृहस्थांना ही कथा लहानपणापासून पाठ होती. त्या रात्री मात्र ती दुसऱ्याच ठिकाणी लागली.

“मला भीती कुणाच्या डोळ्यांची आहे? मागच्या बाकावर तो स्थूल मुलगा बसायचा. त्याला ‘भोपळा’ हे नाव मी दिले. वर्गभर झाले, मग शाळाभर. खेळाच्या तासाला तो झाडाखाली एकटा बसे आणि मी हसत असे. ज्या नजरेला मी आज भितो, ती माझीच नजर आहे. दरवर्षी क्षमावाणीला शेकडो जणांना हात जोडले, व्यापारातल्या प्रतिस्पर्ध्यालाही. त्याला एकदाही नाही. दुसऱ्यांची थकबाकी मी तारखेसह सांगतो. हे देणे चाळीस वर्षे वहीत चढलेच नाही.”

सकाळी सौदे सुरू होण्यापूर्वी त्यांनी गटावर ‘येतो’ असे लिहिले. मग त्या मित्राचा क्रमांक शोधून फोन लावला. बोलायचे शब्द रात्री ठरले होते, ते ऐन वेळी सुचेनात. नाव सांगितले, आणि पुढे एवढेच निघाले, “अरे, तुला मी एक नाव ठेवले होते. माझे चुकले.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, “मुलीच्या लग्नात कुणी ते नाव घेईल, म्हणून वर्गातल्या कुणालाच मी बोलावले नव्हते. मेळाव्यालाही येणार नव्हतो.”

गृहस्थांना यावर काही बोलता आले नाही.

“तू येतोस ना?” त्यानेच विचारले. “मग दाराशी थांब. बरोबर आत जाऊ.”

रविवारी पेढीवरून निघताना टोपी गादीवरच राहिली.