दोन वर्षांची नोकरी आणि महिन्याचं रिटर्न तिकीट

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला मस्कतला ड्रायव्हरची नोकरी लागली. करार दोन वर्षांचा. एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट पाठवलं आणि सांगितलं, "मालकानं येण्याजाण्याचं तिकीट काढलंय." ताई खूश होत्या. आम्ही बैठकीत ते तिकीट सगळ्यांसमोर वाचलं.

आधी नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. मग पीएनआर, म्हणजे सहा अक्षर-अंकांचा बुकिंगचा नंबर, आणि आडनाव विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकलं. तिथं प्रवास दिसला. तिकीट नंबरही होता, तो तेरा अंकी असतो. नुसता पीएनआर असेल आणि तिकीट नंबर नसेल, तर जागा फक्त धरून ठेवलेली असू शकते. पैसे न भरल्यास ती आपोआप रद्द होते. म्हणून हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघायचं.

बॅगेजच्या रकान्यात 30K होतं. म्हणजे विमानात टाकायच्या सामानाचं वजन एकूण तीस किलो. 1PC लिहिलं असेल तर एकच बॅग. तिचं वजन किती चालतं ते कंपनीला विचारायचं. हातातल्या पिशवीचं वजन वेगळं मोजतात. जास्तीचे पैसे विमानतळावर आपल्यालाच भरावे लागतात, म्हणून पापड-लोणच्यासकट सामान घरीच काट्यावर घालून बघायचं.

खरी गोम परतीच्या तारखेत होती. जाणं १२ मार्चला, येणं ९ एप्रिलला! दोन वर्षांच्या कामाला महिन्याच्या आत परत कशाला यायचं? आम्ही व्हिसा मागवला, तर तो नोकरीचा नव्हता, फिरायला जाण्याचा होता. अशा व्हिशावर काम करणं बेकायदा असतं. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी कामगाराच्याच वाट्याला येते. परतीचं तिकीट हा पाहुणा असल्याचा देखावा होता.

तिकिटाची मुदत साधारण जास्तीत जास्त एक वर्ष असते. स्वस्त तिकिटांची त्याहून कमी. म्हणजे दोन वर्षांनंतरचं येणं आजच्या तिकिटात बसूच शकत नाही. नोकरीच्या व्हिशावर एकेरी तिकीट आलं तर घाबरू नका. परतीचा खर्च करारात लिहून घ्या: मुदत संपल्यावर तिकीट मालक देणार का? मालकानं मध्येच काढलं, आजारपण आलं, तर कोण देणार? आपणहून काम सोडलं, तर बहुतेक करारांत खर्च कामगारावरच येतो.

ताईंनी एजंटला निरोप दिला, "नोकरीचा व्हिसा आणि सही केलेला करार हातात आल्याशिवाय पोरगं निघणार नाही." एजंट म्हणाला, तिकीट वाया जाईल. ताई म्हणाल्या, "जाऊ दे. तिकीट दुसरं काढता येतं."