रात्री बाराच्या आधीचा एक तास

‘अनलिमिटेड डेटा, रोज २ जीबी’ असा रिचार्ज मारताना त्याखालची बारीक अक्षरातली ओळ आपण सहसा वाचत नाही. रोजचा कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येईल, असं तिथं लिहिलेलं असतं. बीएसएनएलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये हाच आकडा ४० आहे. कंपन्या याला ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हणतात. नेट बंद होत नाही, त्यामुळे ‘अनलिमिटेड’ हा दावा कागदावर खरा ठरतो. पण ६४ केबीपीएसमध्ये नेमकं काय होतं, हे एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे.

हा आकडा बिटमध्ये असतो आणि आपल्या फाइली बाइटमध्ये मोजल्या जातात. ६४ ला ८ ने भागलं की सेकंदाला ८ केबी येतात. म्हणजे १ एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटं आणि तासाभरात जेमतेम २९ एमबी. फोन चोवीस तास नुसता चालू ठेवला तरी ७०० एमबीसुद्धा पुरे होत नाहीत. व्हॉट्सॲपचा साधा मजकूर या वेगात पोचतो. बातम्यांचं पान मात्र अर्धवट उघडतं आणि पेमेंटचं ॲप उत्तराची वाट बघून कधीकधी सोडून देतं. त्यातही हे ८ केबी एकट्या तुमच्या वाट्याला येत नाहीत. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, मेल असे सगळे त्याच वाटेवर गर्दी करतात. म्हणून कोटा संपल्यावर पहिलं काम म्हणजे फोनचा डेटा सेव्हर चालू करणं. मागे चाललेली ॲप थांबली की समोरच्या ॲपला तो सगळा वेग मिळतो आणि पेमेंट होण्याची शक्यता बरीच वाढते.

वेग कोट्यामुळे पडलाय की टॉवरवरच्या गर्दीमुळे, हे ओळखणं अवघड नाही. गर्दीत वेग वरखाली होतो, दोन गल्ल्या पुढे गेलं की बदलतो. कोट्याचा वेग कुठेही आणि कधीही साठच्या आसपास खिळलेला राहतो. कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक शून्य दिसली की शंका उरत नाही. संदेशावर मात्र फार विसंबू नये. सेकंदाला २० मेगाबिटचा वेग असेल तर १ जीबी सात मिनिटांच्या आत संपतो, आणि कोटा संपत आल्याचा संदेश वाचेपर्यंत तो संपलेलाही असतो.

आता मोठ्या डाउनलोडकडे येऊ. समजा, हिंगोलीच्या एका वसतिगृहातल्या मुलीला लॅपटॉपवर उबुंटू टाकायचं आहे. फाइल साधारण ६ जीबीची, वायफाय नाही, फोनचा हॉटस्पॉट आणि रोजचे २ जीबी. एका दमात उतरवायला गेली तर पहिले २ जीबी झरझर येतील आणि उरलेले चार पुढच्या दोन दिवसांचा सगळा कोटा खाऊन टाकतील. त्या काळात तिला दुसरं काही करता येणार नाही.

कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो, म्हणून बरेच जण बारा वाजायची वाट बघतात आणि मग डाउनलोड लावून झोपतात. माझ्या मते हे उलटं आहे. बारानंतर जो डेटा तुम्ही उधळता तो उद्याचा असतो. उद्या ऑनलाइन वर्ग किती चालेल, कुठे पैसे पाठवावे लागतील, हे आज माहीत नसतं. उलट रात्री अकराला जे शिल्लक असतं ते तासाभरात वाया जाणारच असतं, आणि किती शिल्लक आहे तेही ॲपमध्ये दिसतं. अंदाज करायची गरजच नाही.

या मुलीचा दिवसभराचा खर्च अर्धा जीबी धरला, थोडा हात राखला, तर रोज रात्री १.४ जीबी मोकळे मिळतात. सेकंदाला ८ मेगाबिटचा वेग मिळाला तर एवढं उतरायला पंचवीस मिनिटंही लागत नाहीत. पण वसतिगृहात त्याच वेळी सगळे फोन चालू असतात. वेग ३ मेगाबिटवर आला तर त्याच कामाला तास लागतो. म्हणून साडेदहाला सुरू करावं आणि पाच मिनिटांत किती उतरलं त्यावरून पुढचा अंदाज बांधावा. चार रात्रींत ५.६ जीबी आणि पाचव्या रात्री उरलेला तुकडा.

हे जमण्यासाठी डाउनलोड मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू व्हायला हवं. ब्राउझरचं ‘Resume’ बटण बहुतेक वेळा हे करतं, पण लॅपटॉप बंद झाला की त्याची खात्री नसते. विंडोजच्या Command Prompt मध्ये curl असतं, ते जास्त भरवशाचं. आधी एकदा cd करून डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जायचं आणि रोज रात्री हीच ओळ द्यायची:

```
curl -L -C - -o ubuntu.iso "फाइलची लिंक"
```

-C - मुळे आधी जेवढी फाइल आली असेल तिथून पुढे काम सुरू होतं. पावणेबाराला Ctrl+C दाबायचं आणि हॉटस्पॉट बंद करायचा. हे विसरलं तर डाउनलोड बारा ओलांडून पुढे धावतं आणि सकाळी उठल्यावर त्या दिवसाचा कोटा रिकामा सापडतो. त्यासाठी फोनवर गजर लावून ठेवावा.

यात दोन गोष्टी बिघडू शकतात. काही संकेतस्थळं थोड्या वेळापुरती चालणारी लिंक देतात. दुसऱ्या रात्री ती मेलेली असते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून अधिकृत संकेतस्थळावरची, आवृत्तीचा क्रमांक असलेली कायमची लिंक घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे पाच रात्रींत जोडत गेलेली फाइल कुठेतरी खराब झालेली असू शकते. त्यासाठी शेवटी हे चालवावं:

```
certutil -hashfile ubuntu.iso SHA256
```

उत्तरात येणारा लांबलचक क्रमांक संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला तरच फाइल वापरावी.

हॉटस्पॉटला जोडलेला लॅपटॉप स्वतःहूनही डेटा खातो, आणि यात सगळ्यात मोठा वाटा बहुधा विंडोजच्या अपडेटचा असतो. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटपुरतं ‘Metered connection’ चालू केलं की मोठे अपडेट थांबतात. टोरंटने फाइल घेत असाल तर तुमच्याकडून इतरांकडे जाणारा डेटाही कोट्यातूनच वजा होतो, हे लक्षात ठेवा.

जिओ आणि एअरटेलच्या रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या बऱ्याच प्लॅनमध्ये फाइव्ह-जी वापरलं तर तो कोट्यात धरत नाहीत. तुमच्या खोलीत फाइव्ह-जी पक्कं येत असेल तर ही सगळी खटपट नको. पण भिंतीआड फोन गुपचूप फोर-जीवर उतरतो आणि तिथून कोटा कापायला सुरुवात होते. डाउनलोड चालू असताना फोनच्या वरच्या पट्टीवर नजर ठेवा, फोन खिडकीशी ठेवा.

वर्षातून एकदोनदा अशी फाइल लागत असेल तर पाच रात्रींची पद्धत पुरेशी आहे, जादा पैसे खर्च करू नका. दर आठवड्याला लागत असेल तर रोजच्या कोट्याचा प्लॅन तुमच्या कामाचा नाही. महिन्याचा डेटा एकत्र देणारे, रोजची मर्यादा नसलेले प्लॅन मिळतात. पुढच्या रिचार्जला तो घ्या.