ठसका थांबला, दाणा मात्र आतच

समजा, दीड वर्षाचं पोर पोहे खाता खाता खुदकन हसलं आणि त्याला जोराचा ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला. आजीनं "वर बघ, पोपट बघ" करत पाठीवरून हात फिरवला. पाच मिनिटांत पोर पुन्हा खेळायला लागलं. दहा दिवसांनी छाती घरघरायला लागली आणि घरात दम्याची चर्चा सुरू झाली.

गैरसमज : ठसका थांबला म्हणजे पोह्यांतला शेंगदाणा पोटात गेला.

तसं नेहमीच होत नाही. दाणा श्वासनळीतून पुढे सरकून एका फुफ्फुसाच्या नळीत अडकला की खोकला शांत होतो. हीच शांतता फसवते. आत दाणा ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं नळीचं अस्तर सुजतं आणि मग शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. दम्याची घरघर सहसा दोन्ही बाजूंना ऐकू येते. इथे बहुधा एकाच बाजूला, आणि त्या बाजूला हवाही कमी जाते. वाफ देऊन तात्पुरतं बरं वाटेल, पण दाणा जागचा हलणार नाही.

गैरसमज : एक्स-रे साफ आहे, म्हणजे काही नाही.

शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसतच नाही. दिसलाच, तर फक्त त्याचा परिणाम दिसतो. श्वास घेताना नळी थोडी रुंदावते, हवा दाण्याच्या कडेनं आत शिरते. सोडताना नळी आवळते आणि हवा कोंडते. म्हणून श्वास सोडतानाच्या फोटोत ते फुफ्फुस फुगलेलं दिसतं. तेही दरवेळी नाही. त्यामुळे "मध्यंतरी खाताना ठसका लागला होता का?" या प्रश्नाचं उत्तर फोटोपेक्षा मोलाचं ठरतं, आणि नेमकं तेच घरचे विसरलेले असतात.

गैरसमज : दाणा काढायचा म्हणजे छाती फाडायची.

बहुतेक वेळा कुठेच कापावं लागत नाही. पूर्ण भूल देऊन तोंडावाटे, स्वरतंतूंमधून, धातूची बारीक पोकळ नळी श्वासनळीत उतरवतात. तिच्यातूनच प्राणवायू चालू राहतो, तिच्यातूनच दुर्बीण आणि चिमटा जातो. भिजलेला दाणा मऊ असतो. जोरात धरला तर चुरा होऊन आणखी खोल जातो. हलक्या हातानं पकडला तरी तो नळीत मावत नाही, म्हणून नळी, चिमटा आणि दाणा एकदमच बाहेर काढतात. खरा धोका स्वरतंतूंपाशी. तिथे दाणा निसटून अडकला तर दोन्ही फुफ्फुसांचा श्वास बंद होतो. अशा वेळी तो परत एका बाजूच्या नळीत ढकलतात, म्हणजे दुसऱ्या फुफ्फुसावर श्वास चालतो, आणि पुन्हा प्रयत्न करतात.

दाणा निघाल्यावरही दुर्बीण आणखी एकदा आत जाते. एखादी पाकळी किंवा लाल सालीचा तुकडा मागे राहिलेला असू शकतो.