पहारेकऱ्याच्या खोलीतले चार पडदे

गेममधल्या पहारेकऱ्याच्या खोलीत चार मॉनिटर असतात आणि प्रत्येकावर वेगळा कॉरिडॉर दिसतो. हे आधी टिपलेले व्हिडिओ नसतात. प्रत्येक कॉरिडॉरमध्ये एक जादा कॅमेरा असतो. त्याचं चित्र थेट तुमच्या स्क्रीनवर न जाता एका टेक्स्चरमध्ये उतरतं आणि ते टेक्स्चर मॉनिटरच्या काचेवर चिकटवलेलं असतं.

मॉनिटर दिसतो हाताएवढा, मग १९२०×१०८० कशाला? ३२०×१८० केलं की पिक्सेल ३६ पटींनी घटतात. पण खर्च तेवढा घटत नाही, कारण कॉरिडॉरमधल्या वस्तू आणि सावल्या प्रत्येक वेळी नव्याने काढाव्याच लागतात. म्हणून खरी बचत वेगात आहे. युनिटीमध्ये कॅमेरा बंद ठेवून हवं तेव्हाच `Render()` बोलावतात. ६० फ्रेमच्या गेममध्ये दर सहाव्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाला दहादा. सीसीटीव्हीला तो किंचित अडखळता वेग शोभूनही दिसतो.

मात्र चारही कॅमेरे एकाच फ्रेमला चालले, तर दर सहाव्या फ्रेमला गेम हिसका देतो. प्रत्येकाची पाळी वेगळ्या फ्रेमला लावावी आणि खोलीत कुणी नसेल तर सगळेच थांबवावेत.

मिनीमॅपला तर एवढंही लागत नाही: नकाशा एकदाच वरून टिपायचा, हलवायचे फक्त ठिपके.