भाऊंच्या खात्यातले शेअर

माझ्या मावसबहिणीचे यजमान गेले. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी पुण्याच्या भाच्याने मला विचारलं, "मावशी, बाबांच्या शेअरच्या अ‍ॅपचा पासवर्ड मला माहीत आहे. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो आणि मोबाइल माझ्याकडे आहे. विकून पैसे आईच्या खात्यात टाकू का?"

बहुतेक घरांत हा प्रश्न याच सुमारास निघतो, आणि उत्तर नेहमी एकच असतं: नको. खातेदाराने हयातीत ब्रोकरला दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्याच्या मृत्यूबरोबर संपतं. त्यानंतर त्याच्या नावाने केलेला सौदा म्हणजे मेलेल्या माणसाने केलेला सौदा. बाकीच्या वारसांनी उद्या विचारलं, तर "बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं" एवढंच सांगता येतं, आणि ते कोर्टात चालत नाही. शिवाय विक्रीचे पैसे जाणार भाऊंच्याच बँक खात्यात. बँकेला मृत्यूची खबर लागली की तेही अडकणार.

खरा मार्ग डीपीकडून जातो. डीपी म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, जिथे आपण डीमॅट खातं उघडतो ती बँक किंवा ब्रोकर. शेअर प्रत्यक्षात एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे नोंदलेले असतात आणि डीपी हा त्यांचा दारावरचा माणूस. मृताच्या खात्यातून वारसाच्या खात्यात शेअर जाण्याला ट्रान्समिशन म्हणतात. यात विक्री नाही, बक्षीसही नाही, म्हणून त्या दिवशी भांडवली नफ्यावरचा करही लागत नाही.

हे समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सोपं होतं. घरातल्यांचा प्रश्न असतो, शेअर कुणाचे? डीपीचा प्रश्न वेगळाच असतो: हे कुणाच्या हाती दिले म्हणजे उद्या माझ्यावर कुणी दावा लावणार नाही? तो जे कागद मागतो ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

खातं संयुक्त असेल तर उत्तर तयारच असतं: जो मागे राहिला त्याला. नॉमिनी नोंदवलेला असेल तरीही तयार असतं. ट्रान्समिशनचा फॉर्म, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, नॉमिनीचं केवायसी आणि त्याचं स्वतःचं डीमॅट खातं एवढ्यात काम होतं. प्रतिज्ञापत्र लागत नाही, हमीपत्रही लागत नाही. मात्र इथे पुष्कळांचा समज चुकतो. नॉमिनीला शेअर मिळतात, पण तेवढ्याने तो मालक होत नाही. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने उलट मत दिलं होतं. त्या प्रकरणात नवऱ्याने पुतण्याला नॉमिनी केलं होतं आणि बायको रिकाम्या हाताने परतली. पुढे 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांतल्या दाव्यात हाच प्रश्न पुन्हा आला आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. नॉमिनी शेअर सांभाळतो. हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. नॉमिनीने ते खऱ्या वारसांना द्यायचे असतात.

भाऊंनी यातलं काहीच केलं नव्हतं. खातं एकट्याच्या नावावर, नॉमिनीचा रकाना कोरा, मृत्युपत्र नाही. चार कंपन्यांचे शेअर, किंमत साधारण 11 लाख 40 हजार.

इथे रकमेला महत्त्व येतं. सेबीने मे 2022 मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे डीमॅट खात्यातल्या शेअरची किंमत 15 लाखांपर्यंत असेल, तर कोर्टाच्या वारसा प्रमाणपत्रावाचून काम होऊ शकतं. आधी ही मर्यादा 5 लाखांची होती. ती प्रत्येक खात्याला वेगळी लागू होते, आणि किंमत धरायची ती अर्ज करण्याच्या दिवशीची. मृत्यूच्या दिवशीची नाही. चढत्या बाजारात वर्षभर कागद गोळा करत बसलं तर 14 लाखांचं खातं 15 च्या वर जाऊ शकतं आणि प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या दारात पोहोचतं. मग जाहीर नोटीस, तारखा, वकील. म्हणून मी बहिणीला म्हटलं, रडणं नंतर करू, आधी फॉर्म आण. ती हसली, आणि खरंच दुसऱ्या दिवशी आणला.

मर्यादेच्या आत असताना डीपीला हवे असतात मुख्यतः तीन कागद: सगळ्या वारसांची नावं सांगणारं प्रतिज्ञापत्र, शेअर स्वतःच्या खात्यात घेणाऱ्याने लिहून दिलेलं नोटरीसमोरचं हमीपत्र, आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र. ना हरकतीऐवजी कुटुंबातल्या वाटणीचा करारही चालतो. बोलीभाषेत सगळे इन्डेम्निटी म्हणतात ते हमीपत्र म्हणजे एवढंच वचन, की उद्या कुणी वारस उपटला तर त्याचा निपटारा मी करीन, तुम्हाला तोशीस लागू देणार नाही. डीपीच्या त्या मूळ प्रश्नाचं उत्तर या एका कागदात असतं.

बहिणीने यादी केली: मी, मुलगा, मुलगी. मी विचारलं, "आणि भाऊंची आई?" कराडला असतात, 84 वर्षांच्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस असते, म्हणजे इथे चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. शहरातल्या घरांत हे हमखास विसरलं जातं. प्रतिज्ञापत्रातून आईचं नाव गळलं तर ते प्रतिज्ञापत्रच खोटं ठरतं. आणि उशीर केला, मधल्या काळात आजी गेल्या, तर त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे भाऊंच्या भावाबहिणींकडेसुद्धा. चार सह्यांच्या जागी नऊ सह्या.

आम्ही कराडला गेलो. आजींनी कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हणजे माझ्या वाट्याचं मी सुनेला देते, असंच ना?" बरोबर तेच. ना हरकत पत्राच्या मसुद्यात बहुतेकदा आपला हक्क सोडल्याचं वाक्य असतं, तेव्हा सही करणाऱ्याला ते समजून सांगणं हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे. भाची मेलबर्नला. तिने तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून कागद कुरियरने पाठवला. त्यात तीन आठवडे गेले.

आता पत्र. फॉर्म डीपीचा छापील असतो, मग पत्र कशाला? कारण फॉर्मवर आपण काय काय जोडलं याची साखळी दिसत नाही आणि पुढे "हे आलंच नव्हतं" म्हणायला जागा राहते. आमचं पत्र असं होतं:

"विषय: कै. ……… यांच्या डीमॅट खाते क्र. ……… मधील शेअर वारसाच्या खात्यात वर्ग करणे.

माझे पती, वरील खात्याचे एकमेव धारक, दि. ……… रोजी मृत्यू पावले. खात्यास नॉमिनी नोंदलेला नाही व त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. आजच्या बाजारभावाने खात्यातील शेअरची किंमत रु. ……… असून ती 15 लाखांच्या आत आहे. त्यांचे वारस चार: पत्नी, मुलगा, मुलगी व आई. इतर तिघांचे ना हरकत पत्र सोबत जोडले आहे. सर्व शेअर माझ्या डीमॅट खाते क्र. ……… मध्ये वर्ग करून मूळ खाते बंद करावे. सोबतच्या कागदांची यादी पाठीमागे दिली आहे. काही त्रुटी असल्यास ती लेखी व एकदमच कळवावी."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. खाते क्रमांक सीडीएसएलचा असेल तर 16 आकडी असतो. एनएसडीएलचा असेल तर IN ने सुरू होणारा डीपीचा आठ अक्षरांचा क्रमांक आणि पुढे खात्याचे आठ आकडे. दोन्ही स्टेटमेंटवर छापलेले असतात. पत्राची दुसरी प्रत शिक्का आणि तारीख घालून परत घ्यायची. सगळे कागद पूर्ण असले तर सात दिवसांत ट्रान्समिशन व्हायला हवं, आणि ते सात दिवस कधी सुरू झाले हे त्या शिक्क्यावरूनच दाखवता येतं. ते पाळलं गेलं नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार यंत्रणेत मांडायला तीच तारीख लागते. बहिणीचं डीमॅट खातं त्याच डीपीकडे नवं उघडलं होतं, त्यामुळे एक फेरी वाचली.

तरी फाइल परत आलीच. मृत्यूच्या दाखल्यावर भाऊंचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव होतं. डीमॅटवर मात्र 1990 च्या दशकातल्या सवयीने दोन आद्याक्षरं आणि आडनाव. बहिणीच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र दोघांसाठी करावं लागलं आणि सोबत लग्नाचा दाखला जोडावा लागला. दाखला मिळाल्या दिवशीच तो पॅनशी आणि डीमॅटच्या स्टेटमेंटशी ताडून पाहिला असता तर हे पंधरा दिवस गेले नसते. मृत्यूची खबर दिल्यावर आणखी एक गोष्ट घडते: 2024 पासून ती एका ठिकाणी दिली की केवायसीच्या यंत्रणेतून ती मृताच्या पॅनशी जोडलेल्या इतर ब्रोकरांकडेही पोहोचते आणि तिथूनही शेअर बाहेर जाणं थांबतं. आम्हाला त्यातूनच कळलं की भाऊंचं आणखी एक, अगदी रिकामं, खातं होतं.

शेअर बहिणीच्या खात्यात आले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, विकले तर कर किती? कर विकल्यावर लागतो, आणि तेव्हा खरेदीची किंमत आणि तारीख भाऊंची धरायची. ज्या दिवशी शेअर तिच्या खात्यात आले तो दिवस नव्हे. नव्या खात्यात मात्र ती जुनी किंमत बरेचदा दिसत नाही, शून्य दिसते. त्यामुळे भाऊंच्या खरेदीच्या पावत्या, निदान जुनी स्टेटमेंटं, खातं बंद होण्याआधी उतरवून घेतलेली बरी. मधल्या महिन्यांतला लाभांश भाऊंच्या गोठलेल्या बँक खात्यावरून परत गेला होता. तो कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वेगळा मागावा लागला.

आणि मग कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली, 1994 सालची दोन कागदी शेअर सर्टिफिकेटं सापडली. ती डीपीच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा अर्ज कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, मर्यादा दर कंपनीमागे 5 लाखांची. आणि सात वर्षं सलग लाभांश कुणी घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत गेलेले असण्याची शक्यता, तिथला अर्ज आणखी निराळा. बहिणीने दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "आजींची सही पुन्हा घ्यावी लागेल?"

लागणार होती. आम्ही रविवारचं कराडचं तिकीट काढलं.